मराठवाड्याने काय मागावं: विकास मंडळ, ‘३७१ जे’ की तेलंगणासारखी स्थानिकांची हमी?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं आणि त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. बिदर, गुलबर्गा आणि रायचूर हे कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तर तेलंगणाचे जिल्हे आंध्राला जोडले गेले. तिघांचा वारसा एकच होता: निजामाची राजवट, उर्दूतलं शिक्षण आणि कारभार, मोजक्या शाळा, कोरडवाहू शेती आणि सप्टेंबर १९४८ नंतर उशिरा उघडलेली दारं. पुढे राज्यघटनेने या तिन्ही तुकड्यांना विशेष तरतूद दिली, पण ती तीन वेगवेगळ्या प्रकारची. मराठवाड्यासाठी कलम ३७१ (२), तेलंगणासह सगळ्या आंध्रासाठी ३७१ डी आणि हैदराबाद-कर्नाटकासाठी ३७१ जे.

संघराज्यातल्या सगळ्या घटकांना एकसारखे नियम न लावता काही प्रदेशांना त्यांच्या परिस्थितीनुसार वेगळे अधिकार किंवा वेगळं संरक्षण द्यायचं, याला असममित संघराज्य म्हणतात. ते योग्य की अयोग्य, हा वाद आपल्याकडे बहुधा काश्मीरच्या ३७० वर सुरू होतो आणि तिथेच अडकतो. मला हैदराबादच्या या तीन तुकड्यांची तुलना जास्त उपयोगी वाटते. सुरुवात एकच, इलाज तीन आणि प्रत्येकाचा निकाल समोर आहे. शिवाय मराठवाड्यात हा प्रश्न आजचा आहे. एप्रिल २०२० मध्ये वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. तेव्हापासून एक गट मंडळ परत द्या म्हणतो, दुसरा शेजारच्या बिदरकडे बोट दाखवून ३७१ जे मागतो, आणि तिसऱ्याला हे सगळं प्रादेशिक भांडण लावणारं वाटतं. या तिघांपैकी कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे ठरवणाऱ्यासाठी हा आढावा.

मराठवाडा: राज्यपालांच्या हाती दिलेली जबाबदारी

कलम ३७१ (२) म्हणतं की राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकू शकतात. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमायची, विकासखर्चाचं न्याय्य वाटप करायचं, आणि तंत्रशिक्षण व सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी मिळेल अशी व्यवस्था करायची. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ आणि मराठवाड्याला दिलेल्या आश्वासनांचाच हा घटनेतला अवतार आहे. मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला असं आपण अभिमानाने सांगतो. अट घातली नव्हती हे खरं, पण शब्द दिला गेला होता आणि तो घटनेत लिहिलाही गेला होता.

तरतूद १९५६ ची, तिचा वापर मात्र १९९४ मध्ये झाला. मधल्या ३८ वर्षांत ती कागदावरच राहिली. घटनेतला शब्द ‘करू शकतात’ असा आहे, ‘करतील’ असा नाही, त्यामुळे कुणी काही केलं नाही तरी घटनाभंग होत नव्हता. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा आकडा काढला तेव्हा तो ३,१८६ कोटी रुपये भरला. त्याच वर्षी विधिमंडळाने मंडळांसाठी ठराव केला, आणि आणखी दहा वर्षांनी, मे १९९४ मध्ये, मंडळं स्थापन झाली. पुढे अनुशेष व निर्देशांक समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली. आता आकडा १४ हजार कोटींच्या वर गेला.

हा अनुशेष कसा मोजला गेला ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. पद्धत अशी: एखाद्या सोयीची राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याची तूट मोजायची आणि ती भरायला लागणारा खर्च रुपयांत मांडायचा. समजा, सिंचनात राज्याची सरासरी दर शंभर हेक्टरला ३० आहे आणि एका जिल्ह्यात ती १८ आहे. तूट १२ ची. त्या १२ हेक्टरांना पाणी द्यायला १९९४ च्या दराने जेवढा पैसा लागेल, तो त्या जिल्ह्याचा आर्थिक अनुशेष. पुढच्या वर्षांत तेवढा पैसा टप्प्याटप्प्याने दिला गेला. पण तोवर सिमेंट महाग झालं, भूसंपादनाचा मोबदला वाढला, वनजमिनीची परवानगी लांबली, काही प्रकल्पांवर अभियंतेच पुरेसे नव्हते. वहीत रुपयांचा अनुशेष शून्यावर आला आणि शिवारात हेक्टरांचा तसाच राहिला. शिवाय मोजणी १९९४ च्या तारखेला गोठवलेली. त्यानंतर पुढारलेले जिल्हे आणखी पुढे गेले आणि सरासरी वर सरकली, तर ती नवी तूट कुणाच्याच हिशेबात नाही. पश्चिम विदर्भातल्या अमरावती विभागात सिंचनाच्या अनुशेषाचं रडगाणं वर्षानुवर्षं संपलं नाही ते याच कारणाने.

या व्यवस्थेतून काहीच मिळालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००१ पासून राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले. त्यात वाटपयोग्य रकमेपैकी विदर्भाला सुमारे २३ टक्के आणि मराठवाड्याला पावणेएकोणीस टक्के असं सूत्र आलं. त्याआधी असं सूत्रच नव्हतं. हे निर्देश सरकारवर बंधनकारक आहेत असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सांगितलं. दरवर्षी मंडळाचा अहवाल विधानसभेत ठेवावा लागत होता, त्यामुळे किमान कुठे किती कमी पडलं हे छापील स्वरूपात समोर येत होतं. आज तेही येत नाही.

तरीही ही रचना मुळातच कच्ची होती. मंडळांची मुदत पुन्हापुन्हा वाढवून घ्यावी लागायची. २०२० मध्ये ती वाढवली गेली नाही आणि मंडळं संपली. त्यासाठी ना कायदा बदलावा लागला, ना कुणाला मतदान करावं लागलं. २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सभागृहात सांगितलं की राज्यपाल विधान परिषदेवरच्या बारा सदस्यांची नावं जाहीर करतील त्या दिवशी मंडळांची घोषणा करू. पक्ष कोणता, सरकार कोणाचं, हा भाग सोडून द्या. मराठवाडा-विदर्भाचा घटनात्मक हक्क बारा आमदारांच्या नेमणुकीच्या बदल्यात टांगता ठेवता आला, एवढं त्या प्रसंगातून दिसलं. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा नेमण्याची शिफारस करण्याचं ठरवलं, पण मधल्या काळात गेलेली वर्षं काही परत आली नाहीत.

तेलंगणा: नोकरीच्या दारातला हक्क

तेलंगणाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. तिथे पैशापेक्षा नोकऱ्यांचा प्रश्न तापला. निजामाच्या काळापासून मुलकी नियम होते, म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेल्यालाच सरकारी नोकरी. १९५६ मध्ये आंध्राच्या आणि तेलंगणाच्या नेत्यांत करार झाला आणि ते संरक्षण पुढे चालू ठेवायचं ठरलं. १९५७ मध्ये संसदेने त्यासाठी कायदाही केला.

१९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची ही तरतूद रद्द केली. त्यामागचं कारण आज मराठवाड्यात ३७१ जे मागणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. घटनेचं कलम १६ (२) जन्मस्थान किंवा रहिवासावरून सरकारी नोकरीत भेदभाव करायला मनाई करतं. १६ (३) संसदेला रहिवासाची अट घालायची सूट देतं, पण ती अख्ख्या राज्याच्या रहिवासाची. राज्याच्या एका भागातला रहिवास अशी अट त्यात बसत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या पदांवर मराठवाड्यातल्या उमेदवारांना प्राधान्य द्यायचं, तर शासन निर्णय काढून किंवा विधानसभेत कायदा करून भागणार नाही. तो न्यायालयात टिकणार नाही. घटनेतच वेगळी तरतूद हवी.

आंध्रात ती तरतूद दोन मोठ्या आंदोलनांनंतर आली. १९६९ चं तेलंगणाचं आणि १९७२ चं आंध्राचं. १९७३ च्या सहा कलमी सूत्रातून ३२ वी घटनादुरुस्ती झाली आणि ३७१ डी आलं. त्याखालच्या १९७५ च्या राष्ट्रपती आदेशाने राज्याचे सहा झोन पाडले आणि स्थानिक संवर्ग तयार केले. जिल्हा पातळीवरच्या कनिष्ठ पदांत ८० टक्के, झोनच्या पदांत ७० टक्के आणि ठरावीक राजपत्रित पदांत ६० टक्के थेट भरती स्थानिकांची. स्थानिक कोण हे आडनावावरून किंवा भाषेवरून ठरत नव्हतं, तर उमेदवार शेवटची सलग चार वर्षं कुठे शिकला यावरून ठरत होतं. दाद मागायला वेगळं प्रशासकीय न्यायाधिकरण होतं. त्याचा निकाल फिरवण्याचा अधिकार ३७१ डी नेच राज्य सरकारला दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये काढून घेतला.

इथेही दगाफटका झालाच. तेलंगणाच्या झोनमध्ये बाहेरचे कर्मचारी नेमले जात राहिले. ३० डिसेंबर १९८५ रोजी सरकारला स्वतःच शासन आदेश क्रमांक ६१० काढावा लागला: नियमाबाहेर नेमलेल्यांना ३१ मार्च १९८६ पर्यंत आपापल्या झोनमध्ये परत पाठवा. तो आदेश नीट अमलात आलाच नाही, आणि ‘सहाशे दहा’ हा आकडा पुढची तीस वर्षं तेलंगणाच्या प्रत्येक सभेत घुमत राहिला. शेवटी २ जून २०१४ रोजी वेगळं राज्यच झालं.

यावरून विरोधक म्हणतात: पाहा, विशेष तरतुदीने फुटीरपणाच वाढला. मला घटनाक्रम वेगळं सांगतो. चीड आली ती तरतूद दिल्यामुळे नाही, ती मोडल्यामुळे. पण एक मुद्दा विरोधकांचाही खरा आहे. एकदा माणसांची विभागणी झोनमध्ये केली की ती पुसली जात नाही. स्वतंत्र राज्य मिळाल्यावर तेलंगणाने ३७१ डी सोडून द्यायला हवं होतं, कारण आता बाहेरचा कुणी उरला नव्हता. झालं उलटं. २०१८ च्या नव्या आदेशाने राज्याच्या आतच सात झोन पाडून स्थानिकांचं प्रमाण ९५ टक्क्यांवर नेलं. २०२१ च्या अखेरीस त्यानुसार शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या बदल्या सुरू झाल्या तेव्हा आपापल्या गावापासून दूर फेकले गेलेल्या शिक्षकांनी त्या बदल्यांविरुद्ध आंदोलन केलं.

हैदराबाद-कर्नाटक: दोन्हींचा मेळ

बिदर-गुलबर्ग्याला सर्वांत उशिरा मिळालं. संसदेने डिसेंबर २०१२ मध्ये ९८ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ३७१ जे आलं. त्यातला पहिला भाग हुबेहूब मराठवाड्यासारखा आहे: राज्यपालांची विशेष जबाबदारी, विकास मंडळ, न्याय्य निधी, दरवर्षी विधानसभेत अहवाल. फरक पडतो तो दुसऱ्या भागात. तिथे स्पष्ट लिहिलंय की त्या भागातल्या शिक्षणसंस्थांत आणि सरकारी पदांत जन्माने किंवा रहिवासाने तिथल्या असलेल्यांसाठी जागा राखून ठेवता येतील. आंध्राचा १९६९ चा धडा त्यात उतरला आहे.

२०१३ च्या आदेशांनुसार त्या भागातल्या गट अ आणि ब पदांत ७५ टक्के, गट क मध्ये ८० आणि गट ड मध्ये ८५ टक्के जागा स्थानिकांच्या. राज्यपातळीवरच्या कार्यालयांतही ८ टक्के. शिक्षणात त्या भागातल्या संस्थांत ७० टक्के आणि उर्वरित राज्यातल्या संस्थांत ८ टक्के.

ही आकडेमोड प्रत्यक्ष कशी चालते ते पाहायला सीमेवरच्या दोन मुली घेऊ. एक बिदर जिल्ह्यातल्या औरादची, दुसरी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरची. दोन्ही गावं सीमेजवळची आहेत, दोघींच्या घरी मराठी बोलली जाते, दोघींचे आजोबा एकाच निजामाच्या राज्यात शाळेविना वाढले. औरादची मुलगी सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून ३७१ जे चं पात्रता प्रमाणपत्र काढते. त्या प्रमाणपत्रावर तिला बिदर-गुलबर्ग्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत राखीव ७० टक्क्यांत जागा मागता येते, बेंगळुरू-म्हैसूरच्या संस्थांत ८ टक्क्यांत मागता येते, आणि खुल्या गुणवत्तेचं दार आहेच. भाषेची अट नाही, त्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याणच्या मराठी घरांनाही हा लाभ मिळतो. सीमाप्रश्नावर बोलताना आपल्याकडे ही गोष्ट क्वचितच कुणी सांगतं.

उदगीरच्या मुलीकडे असं काही नाही. पण आपल्याकडे प्रादेशिक कोटा कधी नव्हताच असं नाही. वैद्यकीय प्रवेशांत २०२० पर्यंत ७०:३० चं सूत्र होतं: ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना. हा नियम विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिघांना सारखाच लागू होता, आणि त्या सारखेपणानेच मराठवाड्याचा घात केला. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, नीटमध्ये चांगले गुण मिळवणारी लातूर-नांदेडची मुलं भरपूर. त्यांना आपल्या विभागातल्या मोजक्या जागांसाठी आपसांत झुंजावं लागायचं, आणि पुण्या-मुंबईच्या ७० टक्के जागा त्यांना बंद. उर्वरित महाराष्ट्रात जिथे प्रवेश मिळाला असता तेवढ्या गुणांवर मराठवाड्यातली मुलं बाहेर राहायची. मराठवाड्यातल्याच आमदारांनी आणि पालकांनी आवाज उठवला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सूत्र रद्द झालं.

असममित रचनेच्या बाजूने यापेक्षा स्पष्ट पुरावा मला दुसरा सापडत नाही. ७०:३० ने सगळ्यांभोवती सारखीच भिंत बांधली, म्हणून ज्याच्या अंगणात कमी होतं तो कोंडला गेला. ३७१ जे ने एका भागाला आधार दिला आणि बाकीच्या राज्याभोवती भिंत उभी केली नाही.

दोष इथेही आहेत. नोकरीतलं राखीव प्रमाण भरती निघाली तरच उपयोगाचं. पदं रिकामी ठेवली तर रिकाम्या पदाचे ८५ टक्के म्हणजे शून्यच. हैदराबाद-कर्नाटकाचं आताचं नाव कल्याण कर्नाटक; तिथल्या विकास मंडळाला मोठा पैसा मिळतो, २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ५,००० कोटींची घोषणा झाली होती. पण मंजूर रक्कम वेळेत खर्च न होण्याची तक्रार तिथेही आहे, आणि मंडळ राजकीय नेतृत्वाखाली असल्याने पैसा रस्ते-इमारतींकडे जास्त वळतो. बल्लारी जिल्हाही यात आहे, जो १८०० नंतर निजामाच्या राज्यात नव्हता, मद्रास प्रांतात होता. इतिहासाच्या नावाने मागितलेल्या तरतुदीत राजकारणाच्या सोयीचा प्रदेश कसा शिरतो, याचं हे उदाहरण.

तिन्ही एकमेकांशेजारी ठेवली तर अशी दिसतात:

| | मराठवाडा, ३७१ (२) | आंध्र-तेलंगणा, ३७१ डी | हैदराबाद-कर्नाटक, ३७१ जे |
|---|---|---|---|
| घटनेत कधी | १९५६ | १९७३ | २०१२ |
| मुख्य आधार | निधी, मंडळ | नोकरी, प्रवेश | दोन्ही |
| हक्क कुणाच्या हाती | राज्यपालांच्या | उमेदवाराच्या | दोघांच्या |
| सध्या | मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली | दोन्ही राज्यांत लागू | लागू |

तिसरी ओळ माझ्या मते निर्णायक आहे. जो हक्क एखाद्या उमेदवाराला प्रमाणपत्र घेऊन न्यायालयात मागता येतो, तो सरकार बदललं तरी टिकतो, कारण तो मोडला की उद्या सकाळी कुणीतरी याचिका घेऊन उभं राहतं. जो हक्क मंडळाच्या मुदतीवर आणि राज्यपालांच्या इच्छेवर उभा आहे, तो संपला तरी नेमकं नुकसान कोणाचं झालं हे दाखवायला माणूस सापडत नाही.

विरोधातले दोन मुद्दे, जे मला खरंच जड वाटतात

पहिला, हद्दीचा. सांगलीतल्या जतला किंवा साताऱ्यातल्या माण-खटावला पावसाची आणि पाण्याची जी दशा आहे, ती बीडपेक्षा फार वेगळी नाही. पण हे तालुके मुंबई प्रांतातून किंवा दक्षिणेतल्या संस्थानांतून आले, म्हणून ते ‘उर्वरित महाराष्ट्र’. त्यांना पुण्याच्या सरासरीत मोजलं जातं. उलट छत्रपती संभाजीनगर शहरातल्या उद्योजकाचा मुलगा मागास विभागाचा लाभार्थी ठरतो. निजामाच्या राज्याची सीमा ही गरिबीची सीमा नाही. विजय केळकर समितीने विभागाऐवजी तालुक्याकडे पाहण्याचा आग्रह धरला, कर्नाटकात नंजुंडप्पा समितीनेही तालुकावार मागासलेपण मोजलं आणि हैदराबाद-कर्नाटकाबाहेरही मागास तालुके दाखवून दिले. हा आक्षेप टाळता येणार नाही.

दुसरा, लोकशाहीचा. निधी कुठे जावा हे निवडून आलेल्या विधानसभेने ठरवावं की केंद्राने नेमलेल्या राज्यपालांनी? तत्त्व म्हणून विधानसभेनेच ठरवावं, हे मला मान्य आहे. पण गणित पाहा. २८८ आमदारांत मराठवाड्याचे ४६, विदर्भाचे ६२, उर्वरित महाराष्ट्राचे १८०. दोन्ही मागास विभाग मिळूनही १०८. प्रत्येक अर्थसंकल्प बहुमताने मंजूर होतो आणि बहुमत कायम एकाच बाजूला आहे. यात कुणाचा कट असायची गरज नाही. प्रत्येक आमदार आपल्या मतदारसंघासाठी झगडला, तरी निकाल हाच येतो. निव्वळ संख्येने कायम हरणाऱ्या भागासाठी संख्येबाहेरची हमी हवी, हाच असममित संघराज्याचा गाभा आहे.

एक तिसरा इशारा ईशान्येकडून घेण्यासारखा आहे. नागालँडच्या ३७१ ए मध्ये रूढी, जमीन आणि तिच्यातली संपत्ती यांबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या संमतीशिवाय लागूच होत नाही. नागा समाजाच्या जमिनी टिकल्या त्या यामुळेच, आणि गोव्यात जमिनींसाठी विशेष दर्जा मागणाऱ्यांच्या मनात असंच काहीतरी असतं (गोव्यासाठीचं सध्याचं ३७१ आय फक्त विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत एवढंच सांगतं). पण ३७१ ए चाच आधार घेऊन नागालँडमधल्या पुरुषप्रधान संघटनांनी पालिकेतल्या महिलांच्या ३३ टक्के जागा वर्षानुवर्षं रोखल्या. २०१७ मध्ये आंदोलनात दोन तरुणांचे जीव गेले, कोहिमात पालिकेची इमारत जाळली गेली. महिला आरक्षणासह निवडणुका झाल्या त्या जून २०२४ मध्ये. विशेष दर्जा प्रदेशाला द्यायचा तेव्हा त्या प्रदेशाच्या आतल्या दुबळ्याचं काय, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. मराठवाड्यात हा प्रश्न स्थानिक आरक्षणाच्या आत जातीनिहाय आरक्षण नीट बसवण्याचा आहे.

मग मागायचं काय?

तुमची चिंता पाणी आणि रस्त्यांची असेल, तर यातली एकही तरतूद पुरेशी नाही. तिथे अनुशेष हेक्टरांत आणि दरवर्षी नव्याने मोजला जायला हवा, आणि तो तालुकावार असावा. जुनं मंडळ तसंच परत आलं तर १९९४ च्या तारखेचा तोच गोठलेला हिशेब परत येईल. तरी मंडळ नको असं मी म्हणणार नाही. ते मिळवायला फक्त राज्याची शिफारस आणि राष्ट्रपतींचा आदेश लागतो, घटनादुरुस्ती नाही, आणि वार्षिक अहवाल तरी पुन्हा सुरू होईल.

चिंता मुलांच्या नोकरीची आणि प्रवेशाची असेल, तर ३७१ जे सारख्या कलमाला पर्याय नाही, आणि त्यासाठी संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात. ते मागताना कर्नाटकाचा मसुदा जसाच्या तसा उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. जन्माची आणि आईवडिलांच्या मूळ गावाची कसोटी लावली तर पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात राहिलेल्यांनाही प्रमाणपत्र मिळेल. त्याऐवजी आंध्राची १९७५ ची शाळेची कसोटी जास्त न्याय्य आहे: जो इथे शिकला, तो इथला. त्यात मराठवाड्यात आलेल्या ऊसतोड किंवा बिगारी कुटुंबाचा मुलगाही बसतो.

आणि मागणीत जत, माण-खटाव, सांगोला यांच्यासारखे बाहेरचे दुष्काळी तालुकेही निधीच्या सूत्रात घ्यावेत. न्याय म्हणून घ्यावेतच, पण व्यवहार म्हणूनही. लोकसभेत मराठवाड्याचे आठ खासदार आहेत आणि विदर्भाचे दहा. महाराष्ट्राच्या ४८ पैकी उरलेल्या ३० खासदारांना ही मागणी आपल्याविरुद्ध वाटत राहिली, तर ती दिल्लीला पोचण्याआधीच मुंबईत अडेल. सांगली, सातारा, सोलापूर, माढ्याच्या खासदारांच्या मतदारांना त्यात काही मिळणार असेल, तर ती मराठवाड्याची एकट्याची मागणी राहत नाही.